अंतर मोजूया का? : वीस वर्षांनी लिहिलेल्या एका पत्राचं प्रकरण

मी मराठी शिकवते. त्यामुळे ओळखीतले लोक अधूनमधून पत्रं घेऊन येतात. कुणाला सोसायटीला अर्ज लिहायचा असतो, कुणाला व्याह्यांना काही नाजूक कळवायचं असतं. गेल्या वर्षी नोव्हेंबरमध्ये मुलुंडच्या शुभाताई घेऊन आल्या ते पत्र मात्र वेगळं होतं. त्यांच्या परवानगीने ते प्रकरण इथे मांडते आहे. दोघी मैत्रिणींची नावं बदलली आहेत, बाकी तपशील जसेच्या तसे आहेत.

शुभाताई आणि मंदा लालबागला एका मराठी शाळेत पाचवीपासून दहावीपर्यंत एका बाकावर बसल्या. १९८७ला एस.एस.सी. झाल्या. मंदाची आई खानावळ चालवायची. चाळीतल्या दोन खोल्यांत गिरणीच्या पाळ्यांप्रमाणे माणसं जेवायला यायची, आणि १९८२चा संप सुरू झाल्यावर त्यांतली निम्मी उधारीवर जेवू लागली. शुभाची आई सतत आजारी असे. म्हणून सहावीपासून मंदाच्या डब्याबरोबर शुभाचाही डबा त्याच स्वयंपाकघरातून निघू लागला, आणि पुढची पाच वर्षं निघत राहिला. त्याचे पैसे काकूंनी कधी घेतले नाहीत.

लग्नानंतर शुभा कुर्ल्याला गेली, मंदा बोरिवलीला. येणं-जाणं कमी झालं, तरी तुटलं नव्हतं. मग २६ जुलै २००५ उजाडला. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, मिठी नदीचं पाणी कुर्ल्यात शिरलं आणि शुभाचं तळमजल्याचं घर छातीइतक्या पाण्यात गेलं. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात मंदाच्या आई वारल्या. पुरानंतर शहरात तापाची साथ पसरली होती, त्याच तापाने. शुभाला निरोप मिळाला, पण ती गेली नाही. घरात अजून चिखल होता, अंगावरचे कपडेही शेजारणीचे होते. दहाव्याला गेली नाही, तेराव्यालाही गेली नाही. महिना उलटल्यावर आता कोणत्या तोंडाने जायचं असं वाटू लागलं. वर्षाने ते वाटणं घट्ट झालं आणि पुढे त्याची सवय झाली. मंदानेही फोन केला नाही. मुलुंड ते बोरिवली म्हणजे दादरला एकदा गाडी बदलायची, एवढंच अंतर. त्यात वीस वर्षं गेली.

दोघी शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर होत्या. एकमेकींचे वाढदिवसाचे केक त्यांनी पाहिले होते, पण एकमेकींना एक अक्षर लिहिलं नव्हतं. म्हणून मी आधी विचारलं, "मेसेज का नाही करत?" शुभाताई म्हणाल्या, "ताई, निळ्या टिकल्या झाल्या आणि उत्तर नाही आलं तर मी त्या बघत बसेन. आणि आलंच, तर ती हात जोडल्याचं चित्र टाकेल. मग संपलंच." मला हे पटलं. मेसेजला दोन मिनिटांत काहीतरी द्यावं लागतं, आणि घाईत माणूस ठरीव तेच देतो. पत्र आठवडाभर कपाटावर पडून राहू शकतं आणि त्याने कुणाचा अपमान होत नाही.

त्या पहिला मसुदा लिहूनच आल्या होत्या. सोबत पिशवीत एक भेटवस्तूही होती. मी आधी वस्तूबद्दल सांगते, कारण तिथेच मोठी चूक होता होता राहिली.

ती होती वीतभर उंचीची, पांढरी-तपकिरी चिनी मातीची बरणी. शुभाताईंनी ती कौतुकाने टेबलावर ठेवली. शाळेत मंदाला सगळे 'बरणी' म्हणायचे. खानावळीच्या घरातून आल्यामुळे तिच्या दप्तराला, वेणीला, गणवेशालाही लोणच्या-मसाल्याचा वास यायचा, म्हणून बरणी. "आम्ही किती हसायचो त्यावर," शुभाताई म्हणाल्या.

मी विचारलं, "ते नाव कुणी ठेवलं?" आठवेना. "मंदा स्वतःला कधी बरणी म्हणायची का?" त्यावर त्या थोडा वेळ गप्प बसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी दहावीची ऑटोग्राफ वही आणून दाखवली. कुर्ल्याच्या पुरात भिजून तिची पानं एकमेकांना चिकटली होती, शाई जांभळी पसरली होती, पण माळ्यावर असल्यामुळे वाचण्यापुरती उरली होती. मंदाने पानभर शुभेच्छा लिहून खाली सही केली होती: 'तुझीच मंदा (बरणी नव्हे)'.

कंसातले दोन शब्द. अडतीस वर्षं शुभाताईंनी ते थट्टेने लिहिलेत असं समजून वाचले होते.

शाळेतल्या आठवणीत हा धोका नेहमी असतो. 'आम्ही हसायचो' यातल्या 'आम्ही'मध्ये ती होती का, हे हसणाऱ्याला बहुधा आठवत नाही. जिच्यावर हसले तिला मात्र नक्की आठवतं. वीस वर्षांनी पाकीट उघडावं आणि आतून लोणच्याची बरणी निघावी, तीही जिची आई लोणची घालायची आणि गेली त्या घरात. शुभाताईंच्या मनात प्रेमाशिवाय काही नव्हतं, पण मंदाला ती बरणी पोचली असती तर दार कायमचं बंद झालं असतं असं मला आजही वाटतं. बरणी त्यांनी घरी नेली. आता तिच्यात मीठ आहे.

मग मी त्यांना असा विनोद शोधायला सांगितला ज्याचा अर्धा भाग मंदाने रचला होता. त्यांना आठवायला चार दिवस लागले. आठवला तेव्हा फोनवर सांगताना त्या हसत होत्या.

आठवीत भूमितीच्या बाईंनी एकदा सगळ्यांच्या कंपासपेट्या तपासल्या. पेटीत कंपास, कर्कटक, गुण्या, कोनमापक, सहा इंची पट्टी हे सगळं हवं. मंदाच्या पत्र्याच्या पेटीतल्या कर्कटकाची दोन्ही टोकं पिवळीधमक होती आणि त्याला तेल लागलं होतं. मधल्या सुट्टीत लिंबाच्या लोणच्याची फोड हाताला तेल न लागता खाता यावी म्हणून दोघी तिला कर्कटक टोचायच्या. बाईंनी ते दोन बोटांत धरून वर उचललं आणि विचारलं, "हे काय करत होतात?" पुस्तकातलं उत्तर दोघींना पाठ होतं: कर्कटकाचा उपयोग अंतर मोजण्यासाठी होतो. शुभा उभी राहून म्हणाली, "बाई, अंतर मोजत होतो." बाईंनी विचारलं, "कशापासून कशापर्यंत?" आणि मंदा म्हणाली, "डब्यापासून तोंडापर्यंत."

दोघींना उरलेला तास वर्गाबाहेर उभं केलं. तिथेही त्या हसतच होत्या. त्या दिवसापासून मधली सुट्टी झाली की कुणीतरी एक म्हणायची, "अंतर मोजूया का?" दहावीपर्यंत हे चाललं.

आधीच्या विनोदात आणि यात काय फरक आहे ते पाहा. पहिलं वाक्य शुभाचं, दुसरं मंदाचं. शिक्षा दोघींना मिळाली. हसू कुणा तिसऱ्यावर नव्हतं, मंदावर तर नव्हतंच. आणि ते बाकीच्या वर्गाने उचललं नाही, दोघींपुरतंच राहिलं. मी लगेच म्हटलं, हेच पाठवा.

कर्कटक सुट्टं मिळत नाही. दादरच्या तीन दुकानांत त्यांना पूर्ण पेटीच घ्यावी लागेल असं सांगितलं. शेवटी त्यांनी पेटी घेतली, त्यातलं कर्कटक काढलं आणि बाकीची पेटी पुतणीच्या मुलाला दिली. पेटीच पाठवावी असं त्यांना वाटत होतं, मी नको म्हटलं. पूर्ण पेटी ही शाळकरी मुलाला देण्याची वस्तू झाली. एकटं कर्कटक जगात फक्त मंदालाच कळणार होतं. शिवाय ते इतकं स्वस्त आहे की त्याची परतफेड करावी असं कुणाच्या मनातही येणार नाही. साडी पाठवली असती तर मंदाला आधी हिशेब सुचला असता: हिला आता काय द्यायचं?

त्यांनी आणखी एक सुचवलं. जुनं दिसावं म्हणून टोकांना थोडी हळद-तेल लावूया, आणि सोबत काकूंच्या पद्धतीचं लिंबाचं लोणचं पाठवूया. हळद-तेल पत्राला लागलं असतं, हे एक कारण. खरं कारण वेगळं होतं. काकूंच्या हातची चव ही मंदाची आहे, तिच्या आईची आहे. वीस वर्षं न आलेल्या मैत्रिणीने ती आपल्या बाटलीत भरून पाठवणं म्हणजे त्या घरावर अजून हक्क सांगणं झालं असतं. कर्कटक कोरं, चकचकीत, दुकानातून आणलं तसंच गेलं.

आता पत्र. पहिल्या मसुद्याची सुरुवात अशी होती:

'प्रिय सखी मंदाकिनी, सप्रेम नमस्कार वि. वि. आज अचानक माझे पत्र पाहून तुला आश्चर्याचा सुखद धक्का बसला असेल. संसाराच्या रहाटगाडग्यात दिवस कसे भुर्रकन उडून गेले ते कळलेच नाही…'

आणि शेवट असा: 'लोभ आहेच, तो वृद्धिंगत व्हावा ही विनंती.'

मधल्या अडीच पानांत चौदा ओळी पुराच्या होत्या. फ्रिज कसा तरंगत होता, मुलाची पुस्तकं कशी गेली, चिखल काढायला किती दिवस लागले. आईंच्या जाण्याबद्दल एक ओळ: 'त्याच सुमारास काकू गेल्याचे कळले, फार वाईट वाटले, पण परिस्थितीच तशी होती.'

यातली भाषा शुभाताईंची नव्हतीच. त्या अशा बोलत नाहीत. शाळेत पत्रलेखनाच्या प्रश्नाला जे लिहून दहापैकी आठ गुण मिळायचे, ते हाताला वळण पडलेलं होतं. तेवढंच असतं तर चाललं असतं, पण त्या वळणातून काही खोटंही शिरत होतं. 'सुखद धक्का' बसेल हे त्या कशावरून ठरवणार? 'दिवस कळलेच नाहीत' हे खरं नव्हतं, त्यांना एकेक वर्ष कळलं होतं. आणि 'लोभ आहेच' हे वाक्य तर वीस वर्षं ज्याची परीक्षा झाली त्यालाच गृहीत धरत होतं. आपली जुनी पत्रातली वाक्यं सुंदर आहेत, पण ती चालू नात्यासाठी घडलेली आहेत. नातं थांबलेलं असेल तेव्हा त्यांतलं प्रत्येक वाक्य उजेडात धरून पाहावं लागतं.

पुराच्या ओळींवर आम्ही सर्वांत जास्त वेळ बसलो. शुभाताईंचं म्हणणं होतं, "पण ताई, ते खरं आहे ना. मी मजेत घरी बसले नव्हते." खरंच होतं. अडचण ही की पुराने पहिल्या पंधरा दिवसांचं उत्तर दिलं असतं, पुढच्या वीस वर्षांचं नाही. मंदाला दुखलं ते ऑगस्टचं नव्हे, सप्टेंबरचं आणि त्यानंतरच्या प्रत्येक महिन्याचं. दुसरी गोष्ट त्यांच्या ध्यानातच आली नव्हती. ज्या पाण्यात त्यांचा फ्रिज गेला, त्याच पाण्याच्या तापात मंदाची आई गेली. चौदा ओळी फ्रिज-पुस्तकांच्या आणि एक ओळ आईची, हे प्रमाण मंदाने कसं वाचलं असतं? मी हे बोलले तेव्हा शुभाताईंनी कागद उलटा करून ठेवला आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

मी त्यांना पूर पूर्ण काढायला सांगितला. त्यांनी एक वाक्य ठेवलं. त्यावर आमचा थोडा वाद झाला. पुढे काय झालं ते पाहता त्यांचंच बरोबर ठरलं, ते शेवटी येईलच.

उत्तराबद्दल काय लिहायचं यावरही आम्ही अडलो. पहिल्या मसुद्यात 'तुझ्या पत्राची चातकासारखी वाट पाहते' असं होतं. मी म्हटलं, हे तिच्या डोक्यावर ओझं आहे. दुसऱ्या मसुद्यात 'उत्तराची अजिबात अपेक्षा नाही' आलं. ते तर उघडच खोटं होतं, आणि खोटं असल्यामुळे ओझं तेवढंच राहिलं. शेवटी त्यांनी दोन्ही काढून टाकलं. नंबर लिहायचा, पण फोन कर असं म्हणायचं नाही. ज्याला फोन करायचाय त्याला नंबर पुरतो.

पाचव्या खेपेला पत्र झालं. एका कागदाच्या दोन बाजू, निळ्या शाईत. ते पूर्ण देते.

'मुलुंड, १९ नोव्हेंबर

मंदा,

मी शुभा. लालबागची.

काकू गेल्या तेव्हा मी आले नाही. निरोप मिळाला होता. दहाव्याला आले नाही, तेराव्यालाही नाही. पाच वर्षं मी काकूंच्या हातचं जेवले आणि त्यांच्या शेवटच्या दर्शनाला आले नाही. आमच्या घरात तेव्हा पुराचा चिखल होता, पण तो महिन्याभरात निघाला. त्यानंतर मी आले नाही याला चिखल कारण नाही. मला तुझ्यासमोर उभं राहायची लाज वाटत होती, आणि जितका उशीर झाला तितकी ती वाढत गेली. तू मला कधी काही बोलली नाहीस. बोलली असतीस तर बरं झालं असतं असं मला वाटायचं. आज कळतं, की ते तुझं काम नव्हतं.

माझं चुकलं, मंदा.

काकू डबा भरताना मला विचारायच्या, "शुभे, आज आईने काही खाल्लं का?" खानावळीत वीस माणसं बसलेली असायची आणि तरी रोज विचारायच्या. माझ्या आईबद्दल असं रोज विचारणारं त्या वेळी दुसरं कुणी नव्हतं. डबा बदलू नये म्हणून तू माझ्या झाकणावर "शु" कोरलं होतंस. तो डबा पुरात गेला. झाकणावरचा तो "शु" मला अजून दिसतो, त्याचा उकार उलटा झाला होता.

माझी आई २०११ला गेली. मुलगा नोकरीला लागला. आम्ही आता मुलुंडला राहतो. गुडघे सोडले तर माझं बरं आहे. तुझं कसं आहे ते मला ठाऊक नाही, म्हणून अंदाजाने काही लिहीत नाही.

सोबत एक वस्तू आहे. ती कशासाठी ते तुला सांगायला नको.

पत्ता आणि नंबर खाली लिहिला आहे.

शुभा'

या पत्रात एक गोष्ट मी मुद्दाम दाखवते. विनोद पत्रात कुठेच नाही. 'आठवतं का गं, आठवीत बाईंनी…' असं लिहायचा मोह शुभाताईंना शेवटपर्यंत होता. समजावून सांगितलेला विनोद हा विनोद राहत नाही, एवढंच त्याचं कारण नव्हतं. मंदाला तो आठवला नाही, तर कर्कटक ही एक निरुपद्रवी विचित्र वस्तू ठरेल आणि पत्र आपल्या पायावर उभं राहील. आठवला, तर आठवण तिची स्वतःची असेल, शुभाने हातात दिलेली नसेल. दोन्हीकडून बरंच.

त्याहून मोठा मोह 'अंतर' या शब्दाचा होता. आपल्यातलं वीस वर्षांचं अंतर, चल मोजूया वगैरे. चौथ्या मसुद्यात ते वाक्य आलंही होतं. ऐकायला गोड होतं. मी म्हटलं, हे वाक्य मंदासाठी ठेवा. तिला सुचेल तर ती म्हणेल. कर्कटकाला एक चिठ्ठी दोऱ्याने बांधली, तिच्यावर फक्त 'डब्यापासून' एवढाच शब्द होता. पुढचा अर्धा भाग मंदाचा होता, तो तिच्याकडेच ठेवला.

धारदार वस्तू पाठवण्याबद्दल शुभाताईंच्या जावेने शंका काढली, की टोचणारी वस्तू देऊ नये, नात्यात टोचणी लागते. मी असल्या शंकांना हसत नाही. घेणाऱ्याच्या मनातही तीच असू शकते. पोस्टातल्या माणसाचा हात आणि पाकीट फाटण्याचा प्रश्न होताच. कर्कटकाची दोन्ही टोकं एका जाड पांढऱ्या खोडरबरात पूर्ण रुतवली. त्याने टोक झाकलं गेलं आणि वस्तू शाळेतल्यासारखी दिसू लागली. आम्हीही पेटीत ते तसंच ठेवायचो. मग ते पुठ्ठ्याच्या छोट्या खोक्यात कागदाचे बोळे भरून बसवलं. खोकं हलवून पाहिलं, आवाज आला नाही. साध्या पाकिटात धातूची वस्तू टाकू नये. शिक्क्याच्या खाली ती पाकिटाला भोक पाडते आणि पोचतं ते रिकामं पाकीट.

पत्र खोक्याच्या आत घालायचं की वर? शुभाताईंना वाटत होतं, आधी कर्कटक दिसावं, मंदा हसेल, मग पत्र वाचेल. मला ते बरोबर वाटलं नाही. हसवून घेऊन मग आईच्या मृत्यूपाशी आणणं म्हणजे हसू लाच म्हणून दिल्यासारखं होतं. आम्ही पत्राची घडी खोक्याभोवती गुंडाळून दोऱ्याने बांधली. पत्र उलगडल्याशिवाय खोकं उघडणार नव्हतं.

पत्ता तिसऱ्या एका वर्गमैत्रिणीकडून मिळवला. तिला एवढंच सांगितलं की मंदाला पत्र पाठवायचंय, ग्रुपवर बोलू नकोस. "मी आधी तिच्याशी बोलून बघू का?" असं तिने विचारलं, त्याला नाही म्हटलं. मध्यस्थ आला की मंदाला दोघींना उत्तर द्यावं लागलं असतं.

पाकिटावर नाव लिहिताना हात थांबला. 'सौ.' लिहावं तर मंदाचे यजमान आहेत की नाहीत हे ठाऊक नव्हतं. 'श्रीमती' लिहावं तर आपल्याकडे त्याचा अर्थ पुष्कळांना विधवा असाच लागतो. वीस वर्षांत काय घडलं असेल हे माहीत नसताना दोन्हींपैकी कोणतंही अक्षर पाकीट उघडण्याआधीच लागलं असतं. फक्त पूर्ण नाव लिहिलं, पुढे काही नाही. वीस-पंचवीस वर्षांनी पत्र पाठवणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगते.

दिवाळीबरोबर पाठवायचं नाही हे आधीच ठरलं होतं, म्हणूनच नोव्हेंबरचा मध्य उजाडू दिला. दिवाळीत ते शिष्टाचारात जमा झालं असतं आणि फराळाचा डबा परत आला असता. काकूंच्या तिथीलाही नाही. त्या दिवशी मंदाला दुसरं काम असतं.

रजिस्टर पोस्ट १ सप्टेंबर २०२५पासून स्पीड पोस्टातच विलीन झालं आहे, त्यामुळे स्पीड पोस्टानेच पाठवलं. त्याच्या पावतीवर तेरा अक्षरांचा क्रमांक असतो, त्यावरून पत्र कुठे पोचलं ते फोनवर पाहता येतं. याबद्दल माझं मन दोन्हीकडे होतं. साध्या डाकेने पाठवून विसरून जाणं मनाला सोपं. पण ते हरवलं असतं, तर शुभाताईंनी मंदाचा नकार समजून आणखी वीस वर्षं काढली असती. म्हणून स्पीड पोस्ट, मात्र पोचल्याची खात्री एकदाच करायची आणि पावती माझ्याकडे ठेवायची. तिसऱ्या दिवशी पोचलं. पावती मी ठेवून घेतली.

महिनाभर काहीही आलं नाही. शुभाताई दर आठवड्याला येऊन बसायच्या आणि दुसरंच काही बोलायच्या. डिसेंबर संपता संपता, एके दुपारी सव्वातीनला, अनोळखी नंबरवरून फोन आला.

मंदा पहिल्यांदा काय बोलली, तर, "चिखल महिन्यात निघाला म्हणतेस. आईच्या खोलीतला नाही निघाला. आम्ही ती खोलीच विकली." मग चाळीस मिनिटं ती आईच्या शेवटच्या आठवड्याबद्दल बोलत होती. ताप, दवाखान्यातली गर्दी, लालबागहून पाण्यातून चालत गेलेली आई. शुभाताई ऐकत राहिल्या. पुराचं ते एक वाक्य मी काढायला सांगितलं होतं, आणि मंदाने बोलायला नेमकं तेच धरलं. त्या वाक्यात शुभाने चिखलामागे लपणं सोडलं होतं, म्हणून मंदाला आपला चिखल तिच्यासमोर ठेवता आला. हे मला मसुदा वाचताना दिसलं नव्हतं.

मध्ये मंदाने विचारलं, "तेराव्यालाही नाही ना आलीस?" शुभाताई म्हणाल्या, "नाही." दोघी थोडा वेळ गप्प होत्या. "मला अजून राग आहे," मंदा म्हणाली. शुभाताईंनी "हो" म्हटलं, पुढे काही नाही.

जानेवारीत त्या दादरला एकदा भेटल्या, तासभर. पुन्हा कधी ते ठरलं नाही. पूर्वीसारखं झालं आहे असं दोघींपैकी कुणीही म्हणत नाही.

त्या पहिल्या फोनवर कर्कटकाचा विषय अगदी शेवटी निघाला, फोन ठेवता ठेवता. मंदा म्हणाली, "आणि टोक बोथट असतं गं हल्लीच्यांचं. याने झाकणावर काही कोरता येणार नाही. फोड मात्र टोचली जाते, बघितलं मी."